मे महिन्यात हॉल कोमल रिषभावर जातो

माझ्या घराच्या मागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड होतात. भिंतींना जाड पडदे, खाली गालिचा, कोपऱ्यांत उभ्या केलेल्या गाद्या. तिथं कुणी गायलं की आवाज तोंडातून निघतो आणि थेट माइकमध्ये जातो, मधे कुठंही रेंगाळत नाही. काम करायला असा कोरडा आवाज चांगला, पण ऐकायला कुणालाच आवडत नाही. मग नागपूरचे गायक सरळ मागणी करतात, "भाऊ, थोडा हॉल टाकून द्या ना, खूपच सुकं वाटून राहिलं."

हा हॉल मी खऱ्या हॉलमधूनच आणतो. तिथं जाऊन त्या जागेचा आवाजी ठसा मोजायचा आणि घरी येऊन तो गाण्यावर चढवायचा. ठशाचं नाव इम्पल्स रिस्पॉन्स, आम्ही बोलताना नुसतं आयआर म्हणतो. चढवण्याच्या क्रियेला कन्व्होल्यूशन म्हणतात. गिटारच्या स्पीकर कॅबिनेटलाही हीच रीत लागू पडते. या दोन शब्दांभोवती इतके गैरसमज साचलेत की चांगली साधनं हाताशी असूनही माणसं चुकीच्या जागी दोष शोधत बसतात.

गैरसमज : सॉफ्टवेअर हॉलचा अंदाज बांधतं

अंदाज बांधणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण ती वेगळी. कन्व्होल्यूशनमध्ये अंदाजाला जागाच नाही, असतो तो फक्त गुणाकार आणि बेरीज.

रिकाम्या हॉलमध्ये अगदी क्षणभराची एकच टाळी वाजली असं धरा. कानावर आधी थेट टाळी येते. मग जवळच्या भिंतीवरून परतलेली, मग छतावरून, मग मागच्या भिंतीवरून. शेवटी हजारो परतीचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि विरत जातात. माइकने टिपलेली ही सगळी हकिकत म्हणजे त्या हॉलचा आयआर.

आता गाणं घ्या. संगणकाच्या लेखी गाणं म्हणजे सेकंदाला 48,000 आकडे. यातला प्रत्येक आकडा एक बारीकशी टाळी आहे, मोठा आकडा म्हणजे जोराची टाळी. प्रत्येक टाळीच्या मागे हॉलची अख्खी गूंज लावायची, तिच्या जोराप्रमाणे लहानमोठी करून आणि तिच्या वेळेला सुरू करून. मग सगळ्या गुंजांची बेरीज करायची. हेच कन्व्होल्यूशन.

हाताने करून पाहू. गाण्याचे दोनच आकडे घ्या, 1 आणि 0.5. हॉलचे तीन घ्या : थेट आवाजाचा 1, मग क्षणभर काही नाही म्हणून 0, मग भिंतीवरून परतलेला 0.4. गाण्याच्या पहिल्या आकड्यामुळे हॉल 1, 0, 0.4 असं उत्तर देतो. दुसऱ्यामुळे एक घर उशिरा 0.5, 0, 0.2 असं देतो. घरं जुळवून बेरीज केली की 1, 0.5, 0.4, 0.2 मिळतं. पहिले दोन आकडे म्हणजे मूळ गाणं, पुढचे दोन म्हणजे भिंतीवरून आलेलं तेच गाणं. पायथनमध्ये एवढंच लिहावं लागतं :

```
from scipy.signal import fftconvolve
y = fftconvolve(gayan, hall_ir)
```

अट एकच, दोन्ही फायलींचा सॅम्पल रेट सारखा हवा. 44,100 ला मोजलेला हॉल तसाच उचलून 48,000 च्या गाण्यावर लावला, तर गूंज आखूड होते आणि सगळा हॉल लहान झाल्यासारखा वाटतो.

गैरसमज : याला फार मोठा संगणक लागतो

कधीकाळी लागायचा. 3 सेकंदांची गूंज म्हणजे 1,44,000 आकडे. त्यातला प्रत्येक आकडा गाण्याच्या प्रत्येक आकड्याशी गुणायचा, तर सेकंदाला सुमारे 691 कोटी गुणाकार होतात. पण दोन्ही सिग्नल फूरिये रूपांतराने कंप्रतेच्या घरात नेले की तिथं साधा घरोघर गुणाकार पुरतो आणि काम कित्येक पटींनी घटतं. राहिला प्रश्न उशिराचा, कारण रूपांतरासाठी आकड्यांचा तुकडा भरेपर्यंत थांबावं लागतं. आयआरचा सुरुवातीचा भाग लहान तुकड्यांत आणि शेपूट मोठ्या तुकड्यांत कापायची ही युक्ती विल्यम गार्डनर यांनी 1995 च्या निबंधात मांडली, आणि तिच्यामुळे गाता गाताच हॉल ऐकू येऊ शकतो. 1999 मध्ये सोनीने यासाठी खास यंत्र बाजारात आणलं होतं. आज साधा लॅपटॉप हे काम बसल्या बसल्या करतो.

गैरसमज : फुगा फोडला की आयआर तयार

मीही फुग्यांपासूनच सुरुवात केली. शहरातल्या एका जुन्या सभागृहाचं नूतनीकरण ठरलं होतं, भिंतींवर आवाज शोषणारे तक्ते बसणार होते. त्याआधी त्याचा आवाज टिपून ठेवावा म्हणून मी दोन डझन फुगे घेऊन गेलो. घरी येऊन ऐकलं तर एकही फुगा दुसऱ्यासारखा नव्हता, आणि कुठल्याही फुग्याच्या गुंजेत खालचा आवाज भरून येत नव्हता. तबल्यावर लावलं तर डग्गा कोरडा आणि चाट तेवढी घुमायची. लहान फुग्यात खर्जाची ताकद फारच थोडी असते. शिवाय तो सगळ्या बाजूंना सारखा फुटत नाही, जिथं टाचणी लागते तिथून फाटत जातो.

दुसरी अडचण गोंगाटाची. गूंज 60 डेसिबल खाली जाईपर्यंत स्वच्छ दिसावी अशी अपेक्षा असते. हॉलमधली शांतता 40 डेसिबलची असेल, तर धमाका किमान 100 डेसिबलचा हवा, तोही प्रत्येक पट्टीत. एका क्षणात एवढी ताकद ओतणं अवघड असतं.

म्हणून ताकद वेळेवर पसरवायची. इटलीचे आंजेलो फरिना यांनी 2000 साली मांडलेली रीत आज बहुतेक जण वापरतात. स्पीकरमधून एक सूर सोडायचा, तो 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत एकसारखा चढत जातो, हाच स्वीप. चढही असा की प्रत्येक सप्तकाला सारखाच वेळ मिळतो. 20 ते 20,000 म्हणजे जवळजवळ 10 सप्तकं, त्यामुळे 20 सेकंदांच्या स्वीपमध्ये दर सप्तकाला 2 सेकंद येतात. ऐकायला ही एक लांबलचक मींड वाटते, जमिनीच्या घरघरीपासून कानात शिट्टी घुसेपर्यंत.

माइकमध्ये जे येतं ते असतं हॉलमध्ये फासलेली मींड. तिच्यातून टाळी परत काढायची असते. त्यासाठी मूळ स्वीप उलटा करायचा, आणि खालच्या पट्टीकडे येताना त्याचा जोर सप्तकामागे 6 डेसिबलने उतरवत आणायचा, कारण मूळ स्वीपने खर्जात जास्त वेळ घालवलेला असतो. या उलट्या स्वीपशी रेकॉर्डिंगचं कन्व्होल्यूशन केलं की 20 सेकंदांत पसरलेली सगळी ताकद एका क्षणात गोळा होते. पडद्यावर एक उभी रेघ आणि तिच्यामागे विरत जाणारी शेपूट दिसते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसलो होतो. तो हॉल अक्षरशः माझ्यासमोर मांडून ठेवला होता.

आणि या रीतीची खरी खुबी त्या रेघेच्या *आधी* असते. स्पीकर कितीही चांगला असला तरी जोरात वाजवला की थोडा फाटतो. 500 चा सूर दिला तर त्यात थोडा 1000 चाही मिसळून येतो. पण स्वीप स्वतः 1000 वर पोचतो बरोबर 2 सेकंदांनी. म्हणजे फाटलेला भाग स्वीपच्या 2 सेकंद पुढे पळत असतो, आणि पुढचं पाऊल कुठल्याही सप्तकात तेवढंच. परिणामी उलट्या स्वीपने गोळा केल्यावर हा सगळा कचरा मुख्य रेघेच्या 2 सेकंद आधी वेगळ्या छोट्या रेघेत जमा होतो. तिसऱ्या पटीचा कचरा सुमारे 3.2 सेकंद आधी. कात्रीने कापावा तसा तो कापून टाकता येतो.

मागच्या बाजूलाही कात्री लागते. गूंज गोंगाटात बुडाल्यानंतरची शेपूट तशीच ठेवली, तर प्रत्येक सुरामागे मंद खरखर ओढली जाते आणि गाणं थांबल्यावर ती फाइलच्या टोकाशी एकदम तुटते. अशी तुटलेली शेपूट ऐकू आली की समजायचं, आयआर साफ न करताच वापरलाय. गूंज गोंगाटाला टेकते तिथून ती हळूच विरवत न्यायची असते.

गैरसमज : कॅबिनेटचा आयआर लावला की अँप्लिफायरच आला

ऑर्केस्ट्रात वाजवणारा माझा एक गिटारवाला मित्र एकदा वैतागून आला. "काहून रे भाऊ, महागाचा आयआर घेतला, पण वाजवायची मजाच नाही येऊन राहिली. हळू वाजवलं काय नि जोरात वाजवलं काय, सारखंच!"

त्याची तक्रार रास्त होती, फक्त ती चुकीच्या वस्तूबद्दल होती. वर केलेला हिशेब पुन्हा पाहा. गाण्याचे आकडे दुप्पट केले तर उत्तरही नेमकं दुप्पट येईल, त्याच्या रंगात काडीचाही फरक पडणार नाही. आयआर फक्त असंच वागू शकतो. हॉलची हवा आणि भिंती मात्र खरोखर अशाच वागतात, म्हणून हॉलला तो चपखल बसतो. गिटारच्या अँपचं उलट आहे. हळू वाजवलं तर स्वच्छ, जोरात वाजवलं तर फाटणारं, हेच तर त्याचं काम. ते फाटणं कुठल्याही आयआरमध्ये मावत नाही. स्वीप वापरून मोजला असेल तर ते मुद्दाम कापूनच टाकलेलं असतं.

मग कॅबिनेटच्या आयआरमध्ये असतं काय? 12 इंची स्पीकरचा, लाकडी पेटीचा आणि समोरच्या माइकचा मिळून झालेला रंग. असा स्पीकर साधारण 5000 हर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो. ती गळतीच फाटलेल्या गिटारला सुसह्य करते, नाहीतर नुसतं माशी घोंगावल्यासारखं ऐकू येतं. हॉलसारखी लांब शेपूट इथं नसते. 48,000 च्या हिशेबात 2048 आकडे, म्हणजे सुमारे 43 मिलिसेकंद पुरतात.

मित्राने गिटार थेट आयआरमध्ये घातली होती. मधे अँपचं फाटणं घडवणारा भागच नव्हता. आधी तो भाग आणि त्यानंतर आयआर, असा क्रम लावल्यावर त्याचा हात परत बोलू लागला. क्रम उलटा केला तर आधी गाळलेला आवाज पुन्हा फाटतो आणि वरची घोंगावणारी माशी परत येते.

याच बैठकीत त्याची दुसरी चूकही सापडली. त्याने एकाच कॅबिनेटचे दोन माइकचे आयआर एकत्र मिसळले होते आणि आवाज पोकळ झाला होता. एक माइक दुसऱ्यापेक्षा 5 सेंटिमीटर मागे असावा. आवाजाला ते अंतर कापायला सुमारे 0.145 मिलिसेकंद लागतात. 3450 हर्ट्झच्या आसपास हा उशीर बरोबर अर्ध्या कंपनाचा होतो, आणि दोन माइक एकमेकांना खोडतात. गिटारची धार नेमकी त्याच भागात असते. एक फाइल सात आकडे सरकवून दोन्ही रेघा एका ओळीत आणल्या आणि धार परत आली.

गैरसमज : एका हॉलचा एक आयआर

आयआर हॉलचा नसतो, हॉलमधल्या दोन बिंदूंचा असतो. स्पीकर इथं, माइक तिथं. यातलं एक हललं की ठसा बदलला.

विजापूरच्या गोल घुमटात हे कुणालाही अनुभवता येतं. घुमटाच्या आतल्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेलं समोरच्या टोकाला, 35 मीटरांहून जास्त अंतरावर, कान भिंतीशी नेल्यास स्पष्ट ऐकू येतं. भिंतीपासून दोन पावलं आत आलं की ते हरवतं. इमारत तीच, पण भिंतीलगतचा ठसा आणि मधल्या जागेचा ठसा एकमेकांना ओळखही देणार नाहीत. सी. व्ही. रामन यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास केला, त्यात गोल घुमटही होता. हे रामन त्याआधी, 1910 च्या सुमारास, सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. नागपूरकर म्हणून मला त्याचं अप्रूप आहे.

मी सभागृहात स्पीकर रंगमंचावर, गायकाच्या तोंडाच्या उंचीवर ठेवला. माइक तीन जागी : सहावी रांग, शेवटची रांग आणि बाल्कनीखाली. बाल्कनीखालच्या फायलीत छतावरून येणारे आवाज जवळजवळ नाहीतच, गाणं दुसऱ्या खोलीत चालल्यासारखं वाटतं. मी रोज वापरतो ती सहाव्या रांगेची.

ही फाइल खरी आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. कोरडं गाणं त्याच स्पीकरमधून त्याच हॉलमध्ये वाजवून रेकॉर्ड करायचं. तेच गाणं घरी आयआरमधून काढायचं. दोन्ही रेकॉर्डिंगं बरोबर जुळवायची आणि एकातून दुसरं वजा करायचं. मापन नीट झालं असेल तर हातात फारच थोडं उरतं. गायक स्वतः तिथं उभा राहून गायला तर मात्र वजाबाकी इतकी स्वच्छ येत नाही. माणसाचं तोंड आणि स्पीकर चहूबाजूंना वेगवेगळ्या तऱ्हेने आवाज फेकतात, त्यामुळे भिंतींना वेगळं काही मिळतं. आणि खुर्च्या भरल्या की तेवढी माणसं, तेवढे कपडे आवाज पितात. रिकाम्या हॉलचा ठसा भरलेल्या हॉलपेक्षा ओलाच असतो.

गैरसमज : एकदा मोजलं म्हणजे कायमचं

हॉल जागचा हलत नाही, पण त्यातली हवा हलते. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. डिसेंबरच्या पहाटे नागपुरात 10 अंश असतात तेव्हा तो सेकंदाला सुमारे 337 मीटर असतो. मे महिन्यात 45 अंशांना सुमारे 358 मीटर. गुणोत्तर काढलं तर 1.06 येतं, आणि अर्ध्या स्वराचं गुणोत्तर 1.0595. म्हणजे हिवाळ्यात बंद खोली षड्जावर घुमत असेल, तर त्या तापलेल्या हवेत तीच खोली कोमल रिषभावर घुमेल. 3 मीटर रुंदीच्या खोलीची मूळ घूम 56 हर्ट्झवरून 60 च्या जवळ जाते. हार्मोनियमच्या स्वरपट्ट्या बहुतांशी जागच्या जागी राहतात, खोली मात्र चढते.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, आणि तरीही मी त्यातच चुकलो. स्वीपचं पहिलं मापन मी मे महिन्यातल्या एका दुपारी केलं. कूलर बंद केले, कारण त्यांची घरघर आणि फिरवलेली हवा दोन्ही नको होती. उरलेला गोंगाट मारण्यासाठी तासाभरात 20 सेकंदांचे आठ स्वीप वाजवले आणि त्यांची सरासरी काढली. आठांच्या सरासरीने गोंगाट 9 डेसिबलने उतरतो, हिशेब चोख होता. घरी आल्यावर हॉल ऐकला तर तो लहान आणि मंद झालेला. सुरुवात अगदी बरोबर, पण शेपटीतली चमक गायब.

मी खोट माइकमध्ये शोधली, केबलमध्ये शोधली. शेवटी आठ स्वीपमधला पहिला एकटा काढून ऐकला. त्याची शेपूट सरासरीपेक्षा लांब आणि उजळ होती. तेव्हा उलगडा झाला. कूलर बंद झाल्यावर तासाभरात हॉलचं तापमान 34 अंशांवरून 37 वर गेलं होतं. 3 अंशांनी आवाजाचा वेग सुमारे अर्धा टक्का वाढतो. थेट आवाजाच्या आसपास याने काही बिघडत नाही, कारण 50 मिलिसेकंदांचा अर्धा टक्का म्हणजे पाव मिलिसेकंद. पण एक सेकंद हॉलभर हिंडून आलेला आवाज शेवटच्या स्वीपमध्ये पहिल्यापेक्षा जवळपास 5 मिलिसेकंद आधी पोचतो. 1000 हर्ट्झचं एक कंपन 1 मिलिसेकंदाचं. आठ शेपट्या एकमेकींवरून सरकलेल्या, आणि सरासरीत त्यांनी एकमेकींना पुसून टाकलं. गोंगाट गेला, त्याच्याबरोबर हॉलही गेला.

यावर उपाय म्हणजे अनेक छोट्या स्वीपऐवजी एकच लांब स्वीप. त्यात प्रत्येक सूर एकदाच येऊन जातो, त्यामुळे सरासरीत पुसलं जाण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि लांबीच्या प्रमाणात गोंगाटावरही मात होते. तक्ते बसायच्या आधी, डिसेंबरमधल्या एका रात्री, मी परत गेलो. पंखे थांबेपर्यंत वाट पाहिली, दारं लावून घेतली, रंगमंचावर आणि सहाव्या रांगेत एकेक थर्मामीटर ठेवला. दोन्हींवर 19 अंश दिसल्यावर 60 सेकंदांचा एक स्वीप सोडला. ती फाइल `hall_rang6_19C.wav` या नावाने ठेवली आहे, आणि सध्या गायकांना देतो तो हॉल तोच.